‘करण्यात येत आहे’ म्हणजे नेमके कोण करत आहे?

‘आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ मराठीतून चालणाऱ्या व्यावसायिक ईमेलमध्ये असे वाक्य हमखास सापडते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही आणि त्याचा सूरही सभ्य आहे. तरीही ते वाचून झाल्यावर ग्राहकाला काहीच कळलेले नसते. तक्रार कोणाच्या हातात आहे, तो माणूस काय करतो आहे आणि काम केव्हा संपेल, हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात. मग ग्राहक दुसरा ईमेल पाठवतो किंवा थेट फोन लावतो.

या वाक्यात दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत. पहिला दोष असा की काम करणारा माणूस वाक्यातून नाहीसा झाला आहे. ‘करण्यात येत आहे’ या रचनेला कर्त्याची गरजच लागत नाही. दुसरा दोष असा की प्रत्यक्ष कृती क्रियापदातून निघून नामात जाऊन बसली आहे. तपासणे, बदलून देणे, पैसे परत करणे यांपैकी काय चालले आहे ते सांगण्याऐवजी ‘कार्यवाही’ हे एक नाम पुढे केले आहे आणि क्रियापदाच्या जागी ‘करणे’ आणि ‘येणे’ ही दोन मोघम क्रियापदे उरली आहेत. हे दोन्ही दोष दूर केले की वाक्य असे होते : ‘आमचे तंत्रज्ञ उद्या सकाळी येऊन मोटर तपासतील.’ वाक्याची लांबी फारशी बदललेली नाही, पण आता त्यात माणूस, वेळ आणि काम तिन्ही आहेत.

ही शैली आली कोठून

कर्ता झाकणारी ही भाषा मुळात सरकारी आदेशाची आहे. शासन निर्णयात ‘या प्रस्तावास मान्यता देण्यात येत आहे’ असे लिहितात, त्याला कारण आहे. तिथे मान्यता एखादी व्यक्ती देत नाही, तिचे पद किंवा शासन देते. अधिकारी बदलला तरी आदेश कायम राहतो, म्हणून व्यक्ती वाक्याबाहेर ठेवणे सोयीचे ठरते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. त्यानंतर राज्याचा कारभार इंग्रजीतून मराठीत आणताना इंग्रजी मसुद्यांची अव्यक्तिक वळणेही मराठीत उतरली. बँका, सहकारी संस्था, साखर कारखाने आणि गृहनिर्माण संस्था यांचा सरकारी कचेऱ्यांशी रोजचा पत्रव्यवहार असतो. तिथली भाषा त्यांनी उचलली आणि त्यांच्याकडून ती खासगी व्यापाराच्या पत्रांत आली.

खुद्द इंग्रजीतही ही तक्रार जुनी आहे. सरकारी पत्रे लोकांना समजत नाहीत म्हणून ब्रिटनच्या अर्थखात्याने अर्नेस्ट गावर्स या निवृत्त सनदी अधिकाऱ्याकडून साध्या भाषेचे मार्गदर्शन लिहून घेतले आणि १९४८ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. अमेरिकेतल्या शेअर बाजार नियामकाने १९९८ मध्ये कंपन्यांसाठी साध्या इंग्रजीची पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी लिहिली आहे. आपल्या बहिणींशी बोलत आहोत असे समजून आपण भागधारकांसाठी लिहितो, असे त्यांनी तिथे सांगितले आहे. त्या पुस्तिकेचा भर कर्तरी वाक्यांवर आणि नामांत दडलेली क्रियापदे बाहेर काढण्यावर आहे.

आदेश आणि ईमेल यांत मोठा फरक आहे. आदेश फायलीत राहण्यासाठी असतो. व्यावसायिक ईमेल वाचून मात्र समोरच्या माणसाला काहीतरी करायचे असते : मंजुरी द्यायची, पैसे भरायचे, माल उतरवून घ्यायचा किंवा नुसते निश्चिंत व्हायचे. कोण काय करणार हे त्यात नसेल तर तो ईमेल निकामी ठरतो.

मराठीत हा दोष जास्त का भोवतो

इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्यापाठोपाठ लवकर येते. मराठीत ते बहुधा शेवटी येते. त्यामुळे मराठी वाचक वाक्यातले सगळे घटक मनात धरून ठेवतो आणि शेवटचे क्रियापद आले की त्यांचा अर्थ लावतो. ‘गोदामातला शिल्लक माल व्यवस्थापकांनी’ इथपर्यंत वाचले तरी तो माल विकला, मोजला, हलवला की जाळला, हे कळत नाही. वाक्याची शेवटची जागा म्हणूनच मराठीत फार मोलाची आहे.

नामांनी भरलेले वाक्य नेमकी हीच जागा वाया घालवते. पुढचे वाक्य पाहावे : ‘गोदामातील शिल्लक मालाच्या मोजणीच्या प्रक्रियेच्या पूर्ततेबाबतची कार्यवाही करण्यात आली आहे.’ इथे मालाच्या, मोजणीच्या, प्रक्रियेच्या, पूर्ततेबाबतची अशी षष्ठीची साखळी तयार झाली आहे. प्रत्येक कडी मागच्या कडीला लटकते. वाचक त्या सगळ्या कड्या सांभाळत शेवटापर्यंत येतो आणि तिथे त्याला ‘करण्यात आली आहे’ एवढेच मिळते. खरी कृती ‘मोजणी’ या नामात मागेच राहून गेली. ती शोधायला डोळे पुन्हा मागे जातात. ‘व्यवस्थापकांनी गोदामातला शिल्लक माल मोजला’ या वाक्यात मागे जावे लागत नाही, कारण शेवटचा शब्दच बातमी सांगतो.

वाचनाचा वेग यामुळेच वाढतो. शब्द थोडे कमी होतात हा फायदा दुय्यम आहे. वाक्य एकाच वाचनात समजते, हा खरा फायदा.

कर्मणी प्रयोग हा शत्रू नव्हे

इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतला ‘कर्तरी वापरा, कर्मणी टाळा’ हा नियम मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले आणि मोरो केशव दामले यांचे १९११ मध्ये. मराठी व्याकरणाच्या या परंपरेत कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन मुख्य प्रयोग मानतात. क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावर ही विभागणी उभी आहे. ‘आम्ही खोकी पाठवली’ या वाक्यात क्रियापद ‘खोकी’ या कर्माप्रमाणे चालते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. ‘आम्ही खोकी पाठवतो’ हा कर्तरी. भूतकाळातले सकर्मक वाक्य मराठीत साधारणपणे कर्मणी किंवा भावे प्रयोगातच येते. ते टाळायचे ठरवले तर मागच्या आठवड्यात काय केले हे लिहिताच येणार नाही.

‘आम्ही खोकी पाठवली’ हे वाक्य कर्मणी असले तरी त्यात काही झाकलेले नाही. कर्ता पहिल्याच शब्दात उभा आहे. झाकाझाक होते ती दोन रचनांत. एक म्हणजे ‘-ण्यात येणे’ : पाठवण्यात आली, देण्यात येईल, कळविण्यात येते. दुसरी म्हणजे ‘जाणे’ लावून केलेली रचना : पाठवली गेली, तपासले जाईल. या दुसऱ्या रचनेत कर्ता आणायचाच झाला तर तो ‘कडून’ लावून येतो. शालेय व्याकरणात तिला नवीन कर्मणी असे नाव आहे आणि ती इंग्रजीच्या वळणाने रुळली असे तिथे सांगतात.

‘कडून’मध्ये आणखी एक अडचण आहे. ‘माझ्याकडून कप फुटला’ असे म्हणणारा माणूस ते मुद्दाम झाले नाही हे सुचवत असतो. त्यामुळे ‘आमच्याकडून आपला माल पाठवला गेला आहे’ हे वाक्य मराठी कानाला किंचित चमत्कारिक लागते, जणू माल चुकून निघून गेला. ‘आम्ही तुमचा माल पाठवला आहे’ यात अशी शंका येत नाही. आत्मविश्वासाचा सूर म्हणतात तो हाच : काम केले तेव्हा कर्ता त्या कामाजवळ उभा असतो.

तेव्हा मराठीसाठी कसोटी प्रयोगाची नको, प्रश्नाची हवी. प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ किंवा ‘कोण?’ असे विचारावे. उत्तर वाक्यातच असेल तर प्रयोग कोणता का असेना, वाक्य ठीक आहे. उत्तर बाहेर शोधावे लागत असेल तर वाक्य दुरुस्त करायचे आहे.

नामातले क्रियापद बाहेर काढणे

दुसरी दुरुस्ती नामांची. पुष्कळ नामांच्या आत एक चालते-बोलते क्रियापद असते. तपासणी करणे म्हणजे तपासणे, निवड करणे म्हणजे निवडणे, पाठवणी करणे म्हणजे पाठवणे, विचारणा करणे म्हणजे विचारणे, नोंद करणे म्हणजे नोंदवणे, वाढ करणे म्हणजे वाढवणे. ‘दरांमध्ये वाढ करण्यात आली आहे’ हे ‘आम्ही दर वाढवले आहेत’ असे लिहिता येते. जड नामांचेही तसेच. ‘देयकाची अदायगी करणे’ म्हणजे बिल भरणे, ‘अवलोकन करणे’ म्हणजे पाहणे, ‘विलंब होणे’ म्हणजे उशीर होणे.

पण ‘करणे’ दिसले की ते काढून टाकावे, हा नियम मराठीत चालत नाही. नामाला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवणे ही मराठीची आपली पद्धत आहे. मदत करणे, सुरू करणे, फोन करणे, चौकशी करणे, चर्चा करणे यांना सोपे एकशब्दी पर्याय बहुधा नाहीत आणि ते शोधण्याची गरजही नाही. ‘आपण सोमवारी दरांवर चर्चा करू’ हे स्वच्छ वाक्य आहे. दोष सुरू होतो तो नामावर दुसरे नाम चढवले की. ‘दरांबाबतच्या चर्चेची प्रक्रिया सुरू करण्यात येईल’ या वाक्यात चर्चा हे काम, त्यावर प्रक्रिया हे दुसरे नाम आणि त्यावर सुरू करण्याची क्रिया असे तीन थर आहेत. वरचे दोन थर काढले तरी अर्थ कमी होत नाही.

थर ओळखायला सोपी नामे म्हणजे कार्यवाही, प्रक्रिया, पूर्तता, अंमलबजावणी आणि उपाययोजना. ही नामे कोणत्याही वाक्यात बसतात, म्हणूनच ती काही सांगत नाहीत. ती दिसली की ‘म्हणजे नेमके काय करणार?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर त्या जागी लिहावे. उत्तर सापडत नसेल, तर काय करायचे हे लिहिणाऱ्याने अजून ठरवलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग आधी ते ठरवावे लागते. भाषा सुधारून तिथे भागत नाही.

एक ईमेल, दोन रूपे

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक लहान कारखाना आणि त्याच्याकडून खोकी घेणारा मसाल्याचा उत्पादक अशी एक कल्पित जोडी घेऊ. मागणी ५,००० खोक्यांची होती. कारखान्याने ३,२०० पाठवली. तेवढ्यात मसालेवाल्याने खोक्यावर छापायचा वजनाचा मजकूर बदलला. नव्या मजकुरासाठी नवा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा रबरी ठसा, करावा लागतो आणि तो करण्याआधी ग्राहकाने प्रूफ मंजूर करावे लागते. कारखान्यातून पहिला ईमेल असा गेला :

> विषय : खोक्यांच्या पुरवठ्याबाबत
>
> उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, आपल्याकडून प्राप्त झालेल्या मागणीपत्रानुसार ५,००० खोक्यांच्या पुरवठ्याची कार्यवाही सुरू करण्यात आलेली असून त्यापैकी ३,२०० खोक्यांची पाठवणी करण्यात आलेली आहे. उर्वरित खोक्यांच्या छपाईमध्ये काही तांत्रिक अडचणी निर्माण झाल्यामुळे पुरवठ्यास विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सुधारित मजकुरास मान्यता प्राप्त झाल्यानंतर उर्वरित पुरवठ्याबाबत त्वरित कार्यवाही करण्यात येईल. तसेच पुरवठा करण्यात आलेल्या खोक्यांच्या देयकाच्या अदायगीबाबत आवश्यक ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

चार वाक्यांत ‘कार्यवाही’ तीनदा आली आहे आणि ‘करण्यात’ चारदा. पण खरे नुकसान तिसऱ्या वाक्यात आहे. ‘मान्यता प्राप्त झाल्यानंतर’ असे म्हटल्याने ही मान्यता ग्राहकानेच द्यायची आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. ती कुठून तरी येणार आहे असे वाटून तो वाट पाहत बसतो, आणि तिकडे कारखानाही त्याची वाट पाहत असतो. दोन्ही बाजूंचे दिवस वाया जातात ते एका गायब कर्त्यामुळे.

आता एकेक वाक्य उलगडू. पहिल्या वाक्याचा आरंभ, ‘उपरोक्त’पासून ‘की’पर्यंत, पूर्ण काढता येतो, कारण ईमेल पाठवला म्हणजेच कळवले. पुढच्या भागातले खरे क्रियापद ‘पाठवणी’त आहे आणि कर्ता कारखाना आहे : ‘तुमच्या ५,००० खोक्यांपैकी ३,२०० आम्ही पाठवली.’ इथे लगेच जाणवते की तारीख राहिली. मूळ वाक्यात ती उणीव दिसत नव्हती. ‘पाठवणी करण्यात आलेली आहे’ ऐकून कोणी ‘केव्हा?’ असे विचारत नाही, पण ‘आम्ही पाठवली’ म्हटले की तो प्रश्न आपोआप येतो.

दुसऱ्या वाक्यातल्या ‘काही तांत्रिक अडचणी’ म्हणजे काय, तर मजकूर बदलला आणि नवा स्टिरिओ लागणार. ही अडचण नव्हेच, ती कामाची नेहमीची पायरी आहे. ती स्पष्ट सांगितली तर ग्राहकाला उशिराचे कारण पटते. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या दुहेरी नकाराऐवजी किती दिवस लागतील ते सांगता येते : स्टिरिओला दोन दिवस, छपाईला एक.

तिसऱ्या वाक्याचा कर्ता ग्राहक आहे, म्हणून तिथे ‘तुम्ही’ यायलाच हवे. चौथ्यातही तेच : बिल ग्राहकाने भरायचे आहे आणि त्याला तारीख हवी आहे. शेवटी क्रम बदलायचा. ग्राहकाने जे करायचे आहे ते आधी यावे, कारण मोबाइलवर ईमेल उघडण्यापूर्वी विषय आणि पहिल्या ओळीतले थोडे शब्दच दिसतात. पुन्हा लिहिलेला ईमेल असा होतो :

> विषय : १,८०० खोकी बाकी, बुधवारपर्यंत प्रूफ मंजूर करावे
>
> नमस्कार,
>
> सोबत जोडलेले प्रूफ तपासून तुम्ही बुधवारी, १२ तारखेला, संध्याकाळपर्यंत मंजूर केले, तर उरलेली १,८०० खोकी आम्ही सोमवारी, १७ तारखेला पाठवू.
>
> तुमच्या ५,००० खोक्यांपैकी ३,२०० आम्ही ७ तारखेला पाठवली. बाकीच्या खोक्यांवर तुम्हाला वजनाचा नवा मजकूर हवा आहे. त्यासाठी नवा स्टिरिओ लागतो. तो बनवायला दोन दिवस आणि छपाईला एक दिवस लागतो.
>
> पाठवलेल्या खोक्यांचे बिल सोबत आहे. कृपया २० तारखेपर्यंत रक्कम भरा.

दोन्ही ईमेलच्या मजकुरात काही शब्दांचाच फरक आहे. दुसरा ईमेल लांबीने फार लहान झालेला नाही. पोकळ शब्द गेले आणि त्यांच्या जागी तारखा, दिवस व कारण आले. गुरुवार-शुक्रवार स्टिरिओ, शनिवारी छपाई, सोमवारी माल रवाना, हा हिशेब ग्राहकाला स्वतः पडताळता येतो. आपण एक दिवस उशीर केला तर मालही पुढे जाईल, हेही त्याला कोणी न सांगता कळते.

सौजन्य, ‘आपण’ आणि दोष देण्याची वेळ

थेट लिहिले तर उद्धट वाटेल, या भीतीने अनेक जण ‘करण्यात यावे’कडे वळतात. मराठीत सौजन्य दाखवायला कर्ता लपवावा लागत नाही. आदरार्थी बहुवचन, ‘कृपया’ आणि क्रियापदाचे रूप एवढ्याने ते साधते. ‘रक्कम भरा’, ‘कृपया रक्कम भरा’, ‘आपण रक्कम भरावी’ आणि ‘रक्कम शुक्रवारपर्यंत भराल का?’ या चारही वाक्यांत विनंती स्पष्ट आहे, फक्त सूर बदलतो. ‘रक्कम भरण्यात यावी’ यात मात्र ती कोणी भरायची हे सुटते आणि सूर उलट हुकमाचा होतो.

कर्ता परत आणताना ‘आपण’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. त्याचे दोन अर्थ आहेत : आदराने ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’. ‘आपण नमुना तपासाल’ आणि ‘आपण नमुना तपासू’ यांत क्रियापदाचा प्रत्यय अर्थ पक्का करतो. पण ‘आपण नमुना तपासावा’ यात तो पक्का होत नाही. वाचणारा म्हणेल, मी तपासायचा की दोघांनी बसून? ज्या वाक्यात काम वाटून द्यायचे आहे तिथे ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ हे शब्द जास्त सुरक्षित आहेत. ‘आम्ही’ लिहिले की समोरचा त्या कामातून वगळला जातो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्याची चूक दाखवताना थेट कर्ता टोचतो. ‘तुम्ही चुकीचा पत्ता दिला’ हे खरे असले तरी ग्राहकाला तसे लिहिणे शहाणपणाचे नाही. मराठीत यासाठी एक सोपा मार्ग आहे. पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे, चुकवणे-चुकणे, अडकवणे-अडकणे अशा जोड्यांतले अकर्मक क्रियापद घेतले की कोणाकडे बोट न दाखवता घटना सांगता येते : ‘मागणीपत्रात पत्ता चुकला आहे, योग्य पत्ता कळवा.’ ‘चुकीचा पत्ता देण्यात आलेला आहे’ यापेक्षा हे लहान आहे आणि कमी लागते. स्वतःच्या चुकीसाठी मात्र हीच सोय घेऊ नये. ‘बिलात आकडा चुकला’ म्हणून थांबणारा पळवाट काढतो असे वाटते. ‘बिलात आम्ही आकडा चुकवला, दुरुस्त बिल सोबत आहे’ असे लिहिले तर ग्राहकाचा विश्वास टिकतो.

कर्ता कधी नसावा

काही वाक्यांत कर्ता खरोखरच नको असतो. ‘कार्यालय रविवारी बंद असते’ किंवा ‘रात्री दुकान फोडले गेले’ यांत कर्ता नाही, किंवा तो माहीत नाही. ‘तुमचा अर्ज मंजूर झाला आहे’ हे वाचणाऱ्याला अर्ज महत्त्वाचा असतो, कोणत्या कारकुनाने शिक्का मारला ते नाही. करारातली कलमे, निविदा, सभेचे इतिवृत्त आणि सरकारी कार्यालयाला ठरलेल्या नमुन्यात द्यायचे अर्ज यांची भाषा बदलण्याचा अधिकार ईमेल लिहिणाऱ्याला बहुधा नसतो. अशा वेळी जोडलेला कागद त्याच्या भाषेत राहू द्यावा आणि सोबतच्या ईमेलमध्ये तो काय आहे आणि कोणी काय करायचे, एवढे सरळ सांगावे.

सर्वांत मोठी मर्यादा वचनाची आहे. ‘पाठवण्यात येईल’ हे वाक्य कोणालाच बांधत नाही, ‘आम्ही सोमवारी पाठवू’ हे बांधते. म्हणून तारीख माहीत नसताना केवळ ठाम दिसण्यासाठी थेट क्रियापद वापरणे धोक्याचे आहे. वचन मोडले की ठाम भाषेचे वजनही जाते. अशा वेळी पुन्हा मोघम रचनेत शिरण्याऐवजी जेवढे पक्के आहे तेवढ्यालाच थेट क्रियापद लावावे. ‘कागदाचा पुरवठा अनियमित असल्याने लवकरात लवकर माल देण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ याऐवजी ‘कागद अजून आलेला नाही. गिरणी गुरुवारी तारीख सांगणार आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत मी तुम्हाला फोन करून कळवतो’ असे लिहिता येते. मालाची तारीख इथेही नाही, पण पुढे कोण काय करणार हे आहे. अशा ठिकाणी ‘आम्ही’पेक्षा ‘मी’ जास्त उपयोगी पडतो, कारण फोन एकच माणूस करणार असतो.

काळाचे रूपही विचार करून निवडावे लागते. ‘पाठवत आहोत’ म्हणजे काम चालू आहे, ‘पाठवू’ म्हणजे ठरले आहे, आणि ‘उद्या पाठवतो’ हे बोलण्यातले रूप जवळच्या कामाची खात्री देते. माल गाडीत भरलेला नसताना ‘पाठवत आहोत’ लिहिले तर ग्राहक उतरवून घ्यायला माणसे बोलावून बसेल.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

लिहून झालेला ईमेल सुधारण्याचा क्रम सोपा आहे. प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे क्रियापद वाचत खाली जावे. ‘येते, आहे, येत नाही, येईल, व्हावी’ अशी यादी मिळाली तर ईमेल काहीच सांगत नाही असे समजावे. ‘पाठवू, पाठवली, लागतो, भरा’ अशी यादी मिळाली तर गोषवारा त्यातच येतो. ज्या वाक्यांची शेवटची जागा पोकळ आहे, त्यांना ‘कोण?’ असे विचारून उत्तर वाक्याच्या सुरुवातीला आणावे. मग ‘म्हणजे काय करतो?’ असे विचारून नामात अडकलेली कृती शेवटी न्यावी. या दोन बदलांनंतर ‘केव्हा?’ आणि ‘किती?’ या प्रश्नांची उत्तरे राहिली असतील तर ती आपोआप उघडी पडतात. शेवटी सगळा मजकूर मोठ्याने वाचावा. जे वाक्य फोनवर त्याच ग्राहकाशी बोलताना तोंडातून येणार नाही, ते बहुधा अजून एकदा लिहावे लागते.

सुरुवातीला हे सगळे मसुदा लिहून झाल्यावरच करणे बरे. प्रत्येक शब्दाला कर्ता शोधत बसले तर लिहिणेच अडते. आधी नेहमीच्या सवयीने लिहावे आणि मग दुरुस्त करावे. ग्राहकाने काय करायचे ते सांगणारे वाक्य आणि आपण काय करणार ते सांगणारे वाक्य, एवढी दोन जरी सरळ झाली, तरी ईमेलचे काम होते.